गुण समान झाले की क्रमांक कसा ठरतो: गटाचा तक्ता सोडवण्याची रीत

पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात २७ जानेवारी २०२२ रोजी महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धेतील जपान आणि दक्षिण कोरिया यांचा साखळी सामना १-१ असा बरोबरीत सुटला. साखळी फेरी संपली तेव्हा त्यांच्या गटात जपान आणि कोरिया यांचे प्रत्येकी ७ गुण होते, तर व्हिएतनाम आणि म्यानमार यांचा प्रत्येकी १. म्हणजे वरच्या दोन संघांत बरोबरी होती आणि खालच्या दोन संघांतही. त्या स्पर्धेच्या नियमानुसार गुण समान झाल्यास आधी त्या दोन संघांमधील सामना पाहायचा होता. पण जपान-कोरिया सामना १-१ असा आणि व्हिएतनाम-म्यानमार सामना २-२ असा सुटलेला असल्यामुळे आपसातील सामन्याने काहीच निकाल लागला नाही. म्हणून पुढची कसोटी, म्हणजे गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक, लावावी लागली.

गोलफरक म्हणजे संघाने केलेल्या गोलांतून त्याने स्वीकारलेले गोल वजा करून येणारी संख्या. जपानने म्यानमारला ५-० आणि व्हिएतनामला ३-० असे हरवले होते, म्हणून त्यांचा गोलफरक अधिक ८ झाला. कोरियाने व्हिएतनामला ३-० आणि म्यानमारला २-० असे हरवल्यामुळे त्यांचा अधिक ५ राहिला आणि जपान गटात पहिला आला. खाली व्हिएतनामचा उणे ६ आणि म्यानमारचा उणे ७ झाला. या एका गोलाच्या अंतराने व्हिएतनाम तिसरा आला, त्या स्थानावरून उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि पुढे २०२३ च्या विश्वचषकासाठीही पात्र ठरला. म्यानमारने जपानविरुद्ध पाचऐवजी तीनच गोल स्वीकारले असते, तर दोघांची जागा उलट झाली असती.

तक्ता मांडून झाल्यावर, कोणताही क्रमांक जाहीर करण्यापूर्वी, एक साधी तपासणी करावी. गटातील सर्व संघांच्या गोलफरकांची बेरीज नेहमी शून्य आली पाहिजे, कारण एका संघाने केलेला प्रत्येक गोल दुसऱ्या कोणीतरी स्वीकारलेला असतो. वरच्या गटात ८ आणि ५ मिळून १३, आणि उणे ६ व उणे ७ मिळून उणे १३, बेरीज शून्य. गुणांचीही अशीच पडताळणी होते. चार संघांच्या गटात सहा सामने होतात, निकाली सामन्यात एकूण ३ गुण वाटले जातात आणि बरोबरीत २, म्हणून एकूण गुण १८ मधून बरोबरीच्या सामन्यांची संख्या वजा केल्यावर येतील तितकेच असतात. त्या गटात दोन बरोबरी होत्या, आणि ७, ७, १, १ यांची बेरीज १६ येते. या दोन्ही बेरजा जुळत नसतील तर कुठेतरी गोल किंवा गुण चुकीचा उतरवला गेला आहे, आणि अशा तक्त्यावर कसोट्या लावण्यात अर्थ नाही.

यानंतरचे काम म्हणजे त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात कसोट्यांचा क्रम कोणता दिला आहे हे पाहणे. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो, आणि सगळे वाद येथूनच सुरू होतात. २०१८ आणि २०२२ च्या पुरुष विश्वचषकात गुणांनंतर आधी सर्व सामन्यांचा गोलफरक, मग सर्व सामन्यांतील एकूण गोल, आणि त्यानंतर आपसातील सामने असा क्रम होता. युरो आणि आशियाई स्पर्धांत आपसातील सामने आधी येतात, आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानेही तोच क्रम स्वीकारला. क्लबांच्या लीगमध्येही हा भेद आहे: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक पाहतात, तर स्पेनच्या ला लीगामध्ये आधी आपसातील सामने, आणि तेही दोन्ही फेऱ्यांचे सामने झाल्यावरच. म्हणून दूरचित्रवाणीवर ऐकलेला नियम आपल्या महाविद्यालयाच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धेला परस्पर लावू नये.

दोनच संघ समान गुणांवर असतील तर काम सोपे असते. खरी परीक्षा तीन संघ समान गुणांवर आल्यावर होते, आणि चार संघांच्या गटात असे वारंवार घडते, कारण एक संघ दुबळा असेल आणि उरलेल्या तिघांनी एकमेकांना चक्राकार हरवले असेल तर तिघांचेही ६ गुण होतात. उदाहरणासाठी कोथरूड, औंध, हडपसर आणि खडकी असे चार संघ आहेत, गटातील पहिले दोन बाद फेरीत जाणार आहेत आणि सहा सामन्यांचे निकाल असे लागले आहेत असे धरू.

| सामना | निकाल |
|---|---|
| कोथरूड – औंध | २-१ |
| औंध – हडपसर | १-० |
| हडपसर – कोथरूड | १-० |
| कोथरूड – खडकी | १-० |
| औंध – खडकी | ४-० |
| हडपसर – खडकी | २-० |

कोथरूड, औंध आणि हडपसर यांचे प्रत्येकी ६ गुण झाले आणि खडकीचा शून्य. सर्व सामन्यांचा गोलफरक काढला तर औंधचा अधिक ४, हडपसरचा अधिक २, कोथरूडचा अधिक १ आणि खडकीचा उणे ७ येतो. बेरीज शून्य आहे, म्हणजे मांडणी बरोबर आहे.

नियमपत्रकात गोलफरक आधी असेल तर येथेच काम संपते. औंध पहिला, हडपसर दुसरा आणि कोथरूड बाहेर.

आपसातील सामने आधी असतील तर एक छोटा तक्ता नव्याने मांडावा लागतो. त्यात केवळ समान गुणांवर असलेल्या संघांचे एकमेकांविरुद्धचे सामने घ्यायचे, आणि खडकीविरुद्धचे तिन्ही सामने पूर्णपणे बाजूला ठेवायचे. गुण छोट्या तक्त्यातले आणि गोलफरक मोठ्या तक्त्यातला घेणे ही या टप्प्यावर सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती टाळण्यासाठी छोटा तक्ता वेगळ्या कागदावर, कोऱ्या रकान्यांपासून सुरू करावा आणि त्यातल्या गोलफरकांची बेरीजही शून्य येते का ते पाहावे. आपल्या उदाहरणात या तीन सामन्यांत प्रत्येकाने एक जिंकला आणि एक हरला, म्हणून प्रत्येकाचे ३ गुण. तिन्ही सामने एकेका गोलाच्या फरकाने लागले असल्यामुळे तिघांचाही गोलफरक शून्य. पुढची कसोटी म्हणजे या तीन सामन्यांत केलेले गोल: कोथरूडचे २, औंधचे २, हडपसरचा १. येथे हडपसर वेगळा पडला आणि तिसरा ठरला. खडकीविरुद्ध केलेले त्याचे दोन गोल आता उपयोगाचे नाहीत.

मात्र कोथरूड आणि औंध अजून समान आहेत, आणि आता काय करायचे याबद्दल नियमपत्रके सर्वांत जास्त मोघम असतात. दोन वाटा संभवतात. पहिली वाट म्हणजे आहे तसेच यादीतून पुढे जाणे: आपसातील गुण, गोलफरक आणि गोल या तिन्ही कसोट्या संपल्या, म्हणून आता सर्व सामन्यांचा गोलफरक पाहायचा. तसे केल्यास औंधचा अधिक ४ कोथरूडच्या अधिक १ पेक्षा मोठा आहे, म्हणून औंध पहिला, कोथरूड दुसरा आणि हडपसर तिसरा. दुसरी वाट म्हणजे मागे वळणे: तिसरा संघ वेगळा पडला आहे, तेव्हा उरलेल्या दोघांसाठी आपसातील कसोट्या पहिल्यापासून पुन्हा लावायच्या, आणि या वेळी केवळ त्या दोघांमधला सामना मोजायचा. तो सामना कोथरूडने २-१ असा जिंकला आहे. म्हणून कोथरूड पहिला, औंध दुसरा आणि हडपसर तिसरा.

सहा सामन्यांचा एकही गोल न बदलता तीन नियमांनी तीन वेगळे क्रम दिले. गोलफरक आधी धरल्यास कोथरूड बाहेर जातो; आपसातील सामने आधी आणि पुनर्विचार नसल्यास तोच कोथरूड दुसरा येतो; आणि पुनर्विचार असल्यास तो गटविजेता होतो. हडपसरला मात्र गोलफरकाच्या नियमाखालीच पुढे जाता येते. त्यामुळे मैदानावर कोणाची बाजू न्याय्य वाटते यावर चर्चा करण्याआधी नियमपत्रकातील ते एक वाक्य शोधावे. अलीकडच्या युरो आणि आशियाई स्पर्धांच्या नियमांत ही पुन्हा लावण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत असते. स्थानिक स्पर्धांत ती बहुधा नसते, कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोनच संघ असतात.

छोटा तक्ता वापरण्याचा दुसरा प्रसंग शेवटच्या सामन्यांपूर्वी येतो. आपल्याला कोणता निकाल पुरेसा आहे हे संघाला तेव्हाच ठाऊक असायला हवे, आणि ते ठरवताना केवळ स्वतःच्या सामन्याकडे पाहून चालत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण युरो २००४ मधील इटलीचे आहे. शेवटच्या फेरीपूर्वी डेन्मार्क आणि स्वीडन यांचे प्रत्येकी ४ गुण होते, इटलीचे २ आणि बल्गेरियाचा शून्य. इटलीची डेन्मार्कशी ०-० आणि स्वीडनशी १-१ अशी बरोबरी झाली होती. २२ जून रोजी इटली बल्गेरियाशी आणि त्याच वेळी डेन्मार्क स्वीडनशी खेळणार होता. इटली जिंकला आणि दुसरा सामना बरोबरीत सुटला, तर तिन्ही संघांचे ५ गुण होणार होते, आणि बल्गेरियाविरुद्धचे सगळे निकाल छोट्या तक्त्यातून वगळले जाणार होते.

अशा वेळी दुसऱ्या सामन्याचा एकेक संभाव्य निकाल धरून छोटा तक्ता सोडवत जावे. तिघांचे आपसातील सगळे सामने बरोबरीचे असल्याने प्रत्येकाचे २ गुण आणि गोलफरक शून्य हे नक्कीच होते; फरक पडणार होता तो फक्त आपसातील गोलांनी, आणि इटलीचा असा गोल एकच होता. डेन्मार्क-स्वीडन सामना ०-० सुटला, तर स्वीडनचा १, इटलीचा १ आणि डेन्मार्कचा शून्य, म्हणजे डेन्मार्क बाहेर. १-१ सुटला, तर स्वीडनचे २, डेन्मार्कचा १ आणि इटलीचा १. स्वीडन पुढे गेला असता, आणि इटली व डेन्मार्क यांचा आपसातील सामना गोलशून्य असल्याने त्यांच्यासाठी सर्व सामन्यांचा गोलफरक पाहावा लागला असता. त्या स्थितीत डेन्मार्कचा गोलफरक अधिक २ आणि एकूण गोल ३ झाले असते, म्हणून इटलीला तीन गोलांच्या फरकाने, किंवा किमान तीन गोल करून दोन गोलांच्या फरकाने, जिंकणे पुरले असते. पण २-२ सुटला, तर स्वीडनचे ३, डेन्मार्कचे २ आणि इटलीचा १. आता इटलीने बल्गेरियाला दहा गोलांनी हरवले तरी उपयोग नव्हता, कारण ते गोल मोजलेच जाणार नव्हते. ३-३ किंवा ४-४ झाल्यासही तेच.

प्रत्यक्षात तसेच घडले. स्वीडनच्या मत्तियास योनसनने ८९ व्या मिनिटाला केलेल्या गोलाने तो सामना २-२ झाला, तर दुसरीकडे इटलीच्या अंतोनियो कासानोने भरपाई वेळेत गोल करून संघाला २-१ असा विजय मिळवून दिला, तरीही इटली स्पर्धेबाहेर गेला. सर्व सामन्यांचा गोलफरक आधी पाहण्याचा नियम असता, तर बल्गेरियाविरुद्ध तीन गोलांच्या फरकाने जिंकून इटली डेन्मार्कच्या पुढे गेला असता. दोन्ही सामने एकाच वेळी खेळवण्यामागचे कारणही येथे दिसते. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना शेवटच्या सामन्यापूर्वीच ठाऊक होते की जर्मनीचा एक-दोन गोलांनी विजय दोघांनाही पुढे नेतो. जर्मनीने १-० असा विजय मिळवला आणि आदल्या दिवशीच आपले सामने संपवलेला अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातील शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. एकच मैदान असलेल्या स्थानिक स्पर्धेत हे जमत नाही. मग निदान कोणता सामना शेवटी होणार हे आधीच, गुण ठाऊक नसताना, ठरवून टाकावे.

तक्ता बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे न खेळलेले सामने. संघ मैदानावर आलाच नाही तर प्रतिस्पर्ध्याला ३-० असा विजय देण्याची पद्धत रूढ आहे, आणि ते तीन गोल गोलफरकात मोजले जातात. गोलफरक आधी पाहणाऱ्या स्पर्धेत यामुळे ज्या संघाने त्या दुबळ्या संघाला प्रत्यक्ष खेळून १-० असे हरवले, त्याचे नुकसान होते. संघाने स्पर्धाच सोडली तर वेगळा मार्ग घ्यावा लागतो. २०२२ च्या त्याच आशिया चषकात भारतीय संघात करोनाची लागण झाली, चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत आणि भारताने माघार घेतल्याचे मानले गेले. भारताने इराणशी केलेली ०-० ही बरोबरी रद्द झाली, म्हणजे इराणच्या खात्यातला एक गुणही गेला. तो गट तीन संघांचा उरला, तर बाकीचे दोन गट चार संघांचे होते. आणि तिन्ही गटांतील तिसऱ्या क्रमांकांच्या संघांपैकी दोन पुढे जायचे होते.

वेगवेगळ्या गटांतील संघांची तुलना करताना आपसातील सामना असूच शकत नाही, म्हणून तेथे गुण, सर्व सामन्यांचा गोलफरक आणि केलेले गोल याच कसोट्या उरतात. गटांतील संघसंख्या असमान असेल तर मोठ्या गटातल्या तिसऱ्या संघाचा चौथ्या संघाविरुद्धचा सामना वगळून तुलना करणे न्याय्य असते, नाहीतर त्याला एक जादा सामन्याचा लाभ मिळतो. तसे केले तर व्हिएतनामची म्यानमारशी झालेली बरोबरी निघून जाते आणि शून्य गुण व उणे ६ गोलफरक उरतो. इराणने चीनकडून ७-० आणि चिनी तैपेईकडून ५-० अशी हार पत्करली होती, म्हणजे शून्य गुण आणि उणे १२. व्हिएतनाम तरीही पुढेच राहतो.

सगळ्या कसोट्या संपूनही संघ समानच राहिले तर बहुतेक मोठ्या स्पर्धांत कार्डे मोजली जातात. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण ४, गोलफरक शून्य, केलेले गोल ४ आणि आपसातील सामना २-२ असे सारे काही समान होते. त्या नियमांत पिवळ्या कार्डाला उणे १, दुसऱ्या पिवळ्यामुळे मिळालेल्या लाल कार्डाला उणे ३ आणि थेट लाल कार्डाला उणे ४ अशी वजावट होती. जपानला चार पिवळी कार्डे मिळाली होती आणि सेनेगलला सहा, म्हणून जपान पुढे गेला. शेवटच्या सामन्यात पोलंडविरुद्ध ०-१ असे मागे असताना जपानने बरोबरीसाठी आक्रमण करण्याऐवजी चेंडू आपसातच खेळवत ठेवला, कारण तिकडे सेनेगल कोलंबियाविरुद्ध मागे होता आणि कार्डांचा हिशोब जपानच्या बाजूने होता. स्थानिक स्पर्धेत ही कसोटी ठेवायची असेल तर प्रत्येक सामन्यानंतर पंचांचा कार्डांचा अहवाल दोन्ही संघांच्या सहीसह घेतला पाहिजे. तो नसेल तर ही कसोटी नियमांत लिहूच नये.

पुण्यातील चार संघांच्या गटांसाठी नियम लिहायचा झाला तर मी आपसातील सामने आधी आणि पुनर्विचारासह असा क्रम निवडेन. अशा स्पर्धांत गटातील एक संघ बहुधा ऐनवेळी जमवलेला असतो, आणि त्याच्यावर कोणी किती गोल चढवले यावर बाकीच्या तिघांचे भवितव्य सोडणे मला योग्य वाटत नाही. याला मर्यादाही आहे: छोट्या तक्त्यात मोजके सामने असल्याने एका चुकीच्या निर्णयाचे वजन वाढते. नियमाचे शब्द साधारण असे ठेवता येतील:

‘दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाल्यास त्याच संघांमधील आपसातील सामन्यांचे गुण, मग त्याच सामन्यांचा गोलफरक, मग त्याच सामन्यांत केलेले गोल या क्रमाने पाहिले जातील. या कसोट्यांनंतर काही संघ वेगळे झाले आणि काही समान राहिले, तर समान राहिलेल्या संघांमधील सामने तेवढे घेऊन त्याच कसोट्या पुन्हा लावल्या जातील. तरीही समानता राहिल्यास गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक, मग सर्व सामन्यांत केलेले गोल पाहिले जातील, आणि अखेरीस दोन्ही संघांच्या कर्णधारांसमोर चिठ्ठी काढली जाईल.’

याच्या खाली दोन गोष्टी वेगळ्या ओळींत लिहाव्यात: गैरहजर संघाविरुद्ध किती गोलांचा विजय धरला जाईल, आणि स्पर्धा सोडणाऱ्या संघाचे आधीचे निकाल ठेवले जातील की रद्द होतील. पत्रक पहिल्या सामन्याच्या आधी सर्व संघांना द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.